कंबरेत उसण भरली, आता ट्रॅप बार की डेडलिफ्टला कायमचा रामराम?

प्रश्न: वय ३९, बडोद्यात बँकेत बसून काम. सहा महिन्यांपूर्वी ८० किलोची डेडलिफ्ट करताना कंबरेत उसण भरली. दहा दिवसांत बरं वाटलं, पण बारला परत हात लावला की दुसऱ्या दिवशी कंबर धरते. उभ्याने बार डोक्यावर ढकलतानाही तिथेच दुखतं. डॉक्टर म्हणाले, एमआरआयची गरज नाही. आमच्या जिममध्ये तो षटकोनी ट्रॅप बार आणि लँडमाइन धूळ खात पडलेत. त्यांनी खरंच कंबर वाचते, की नुसती पळवाट? सकाळी साडेपाचला उठतो, सहाला जिममध्ये असतो.

उत्तर:

आधी एक गोष्ट निकालात काढू. दुखणं कंबरेपुरतंच असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा चालताना पाऊल घासत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि परत डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली सोळा वर्षं इथेच, दांडिया बाजारच्या एका गल्लीत बसतो आणि संध्याकाळी दोन तास एका जिममध्ये लोकांच्या कंबरा सांभाळतो. तुमच्यासारखी तक्रार महिन्यातून तीनचार वेळा येते. डेडलिफ्ट आणि प्रेस दोन्हींत एकाच जागी दुखतं, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा धागा आहे. एकात कंबर पुढे वाकते, दुसऱ्यात मागे. म्हणजे अमुक एक व्यायाम वाईट असं नाही. दोन्हीकडे दुसऱ्या कुणाचं तरी काम तुमची कंबर करते आहे. डेडलिफ्टमध्ये नितंबांच्या सांध्याचं, प्रेसमध्ये खांद्याचं.

डेडलिफ्ट आधी. पाण्याने भरलेली एक बादली दोन्ही हातांनी नडगीसमोर धरून उचला. मग दोन बादल्या दोन हातांत, अंगाच्या दोन्ही बाजूंना घेऊन उचला. पाणी दुप्पट, तरी कंबरेला दुसरा प्रकार सोपा जातो. सरळ बार हा पहिला प्रकार आहे. नडगी मध्ये येते, म्हणून बारला तुमच्या पुढेच राहावं लागतं, म्हणून धड जास्त झुकतं, आणि झुकलेल्या धडाला वर आणायचं काम पाठीच्या खालच्या स्नायूंवर पडतं. ट्रॅप बारमध्ये तुम्ही चौकटीच्या आत उभे राहता, मुठी मांड्यांच्या बाजूला येतात आणि वजन पावलाच्या मधल्या रेषेवर राहतं. कंबर आणि वजन यांच्यातलं आडवं अंतर चारदोन बोटांनी कमी झालं, एवढीच काय ती जादू. हा बार काढला तोही ॲल जेरार्ड नावाच्या एका अमेरिकन पॉवरलिफ्टरने, १९८०च्या दशकात, स्वतःच्या दुखऱ्या कंबरेवर उपाय म्हणून. त्यामुळे 'पळवाट' हा शब्द मला पटत नाही. ही वाट कंबरदुखीच्याच माणसाने पाडलेली आहे.

पण आता खरी अडचण. २०११ मध्ये १९ पॉवरलिफ्टरांवर दोन्ही बार मोजून पाहिले गेले. ट्रॅप बारवर कंबरेच्या सांध्याला वाकवणारा जोर कमी निघाला, गुडघ्यावरचा वाढला. आणि हीच मंडळी सरळ बारवर सरासरी २४५ किलोच्या आसपास उचलत होती, ती ट्रॅप बारवर २६५ पर्यंत गेली. म्हणजे बार तुम्हाला सूट देतो, आणि माणूस मंगळबाजारात करतो तेच करतो: सूट मिळाली म्हणून जास्त खरेदी. कण्यावर सरळ खाली दाबणारं वजन ट्रॅप बारने कुठेही जात नाही. उलट जास्त प्लेटा चढवल्या की ते वाढतं. ट्रॅप बारवर येऊनही कंबर धरणारे जे लोक माझ्याकडे येतात, त्यातले बहुतेक इथेच अडकलेले असतात.

तुमच्या ८० किलोबद्दल मला एक शंका आहे. २० चा बार आणि दोन्ही बाजूंना १०-१० च्या तीन-तीन रबरी प्लेटा, असं होतं का? स्पर्धेतली मोठी प्लेट ४५ सेंटीमीटर व्यासाची असते, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. आपल्याकडच्या १० किलोच्या साध्या रबरी प्लेटा त्याहून बऱ्याच लहान असतात. बार तेवढा खाली जातो, आणि तेवढ्या शेवटच्या वाकण्यासाठी ज्याचे नितंब मागे सरकत नाहीत तो कंबर गोल करतो. टेप घेऊन मोजा. पाच सेंटीमीटरही कमी भरलं तर तुम्ही इतके दिवस नकळत जास्त अवघड डेडलिफ्ट करत होतात. ट्रॅप बारच्या खालच्या मुठीही प्लेटच्या मध्याच्याच उंचीवर असतात, त्यामुळे त्या धरल्या तर हा प्रश्न जसाच्या तसा राहतो. बार उलटा करून उंच मुठी वर आणा, त्या साधारण चार इंच वर येतात. तरीही कमी पडलं तर प्लेटांखाली रबरी मॅटा घाला.

किती उंची लागेल ते काठीने ठरतं. झाडूची काठी पाठीवर उभी धरा, डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा फुगवटा आणि माकडहाडाची जागा, तिन्ही काठीला टेकलेली. गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे ढकलत वाका आणि घरच्या कुणाला तरी बाजूने पाहायला सांगा. ज्या क्षणी खालचा टेका काठीपासून सुटतो, तिथे तुमची हद्द संपली. त्या वेळी हात सरळ खाली सोडून बोटं कुठे येतात ते पाहा. बारची मूठ त्याच्या खाली असता कामा नये. बँकेत आठ तास बसणाऱ्यांची हद्द बहुतेकदा गुडघ्याच्या थोडी खालीच संपते. महिन्या-दीड महिन्यात ती वाढते, हेही सांगून ठेवतो.

उचलताना चौकटीच्या मधोमध उभे राहा. मूठ दोन बोटं जरी पुढे धरली तरी उचलल्यावर बार नाक खाली घालतो. तसं झालं तर खाली ठेवा, अंदाजाने सावरू नका. नितंब मागे न्या, मग गुडघे लागतील तेवढे वाकवा. खुर्चीत बसल्यासारखं खाली गेलात तर ते स्क्वॉट होतं आणि सगळं गुडघ्यांवर येतं. गुडघे ताठ ठेवलेत तर ट्रॅप बार धरूनही तुम्ही जुनीच डेडलिफ्ट करता. आरशात नको, बाजूने व्हिडिओ काढून बघा: खांदे नितंबांच्या वर आणि नितंब गुडघ्यांच्या वर दिसायला हवेत. पोटात श्वास भरा, कुणी गंमतीत पोटात बुक्की मारणार असल्यासारखं पोट घट्ट करा. आता एकदम हिसका नाही. आधी बार हलकेच ओढा, प्लेटा आणि बार यांच्यातली फट मिटल्याचा 'टक्' आवाज येतो. तो आला की पायांनी जमीन खाली ढकला. वर आल्यावर मागे झुकू नका, ताठ उभं राहणं पुरे.

आणि खाली ठेवणं. उसण उचलताना भरते असं लोक सांगतात, पण मी त्यांचे व्हिडिओ पाहतो तेव्हा निम्म्या वेळा घोटाळा ठेवताना झालेला असतो. 'झालं एकदाचं' म्हणून पोट सैल सोडतात आणि ताठ गुडघ्यांनी बार खाली नेतात. ज्या वाटेने वर आलात त्याच वाटेने खाली जा, प्रत्येक वेळी बार पूर्ण टेकवा, श्वास पुन्हा भरा. टेकवून लगेच उसळी घेणं तुमच्यासाठी बंद.

माझी एक चूक सांगतो म्हणजे आकडे कसे ठरवायचे ते कळेल. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारे एक गृहस्थ, वय ४७, तुमच्यासारखीच तक्रार. काठीची हद्द गुडघ्याशीच संपत होती. जिममधला ट्रॅप बार कुणालाच किती किलोचा माहीत नव्हता. मालक म्हणत होते वीस. मी वजनकाट्यावर एकदा नुसता आणि एकदा बार घेऊन उभा राहिलो, तो २४ भरला. (स्थानिक बनावटीच्या बारांत हा फरक नेहमी निघतो, तुमचाही असाच मोजा.) उंच मुठी, खाली दोन मॅटा, २४ अधिक २०, असे ४४ किलो. पाच-पाचचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवसांची सुट्टी. दर आठवड्याला ५ किलो वाढ, पण एका अटीवर: दुसऱ्या दिवशी सकाळी उभ्याने, भिंतीला न टेकता, मोजा घालता आला पाहिजे, रोजच्यासारखा. आखडल्यासारखं वाटलं तर वजन तेच. मोजा बसून घालावा लागला तर १० किलो कमी.

पाचव्या आठवड्याला ते ६४ वर होते आणि म्हणाले, "साहेब, हे तर हातात आल्यासारखं वाटतच नाही." मलाही जोर चढला. एकदम २० वाढवून ८४ केले. पहिल्या दोन उचली सुरेख. तिसऱ्या वेळी खाली जाताना गुडघे वाकायचे थांबले, नितंब वर राहिले आणि पाठ कमान झाली. त्यांना त्या क्षणी काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला की हे मोजे घालायला मला बोलावताहेत. दोष माझा होता. पायांत ताकद होती, कंबरेला मात्र त्या वजनाची सवय नव्हती, आणि ट्रॅप बारवर हा फरक लपतो कारण पाय काम ओढून नेतात. ५४ वर परत आलो, दोन आठवडे तिथेच थांबलो, मग पुन्हा पाच-पाच. बाराव्या आठवड्याला मॅटा काढून उंच मुठींवर ७९ किलो, पाच वेळा, आणि सकाळी मोजा उभ्याने.

तुमच्यासाठी मी सुरुवात ४० ते ४५ ला करीन, बार धरून. हसू येईल इतकं हलकं वाटलं पाहिजे. पहिले तीन आठवडे ते तसंच वाटू द्या.

एक मर्यादाही सांगायला हवी. वर म्हटल्याप्रमाणे गुडघ्यावर भार वाढतो, म्हणून ज्यांचा गुडघा आधीच कुरकुरतो त्यांना ट्रॅप बार नेहमीच मानवत नाही. आणि मांडीचा मागचा भाग यात सरळ बारपेक्षा कमी राबतो, म्हणून शेवटी हलके डंबेल घेऊन नितंब मागे ढकलत वाकण्याचे दोन सेट मी जोडतो, काठीच्या हद्दीपर्यंतच. ट्रॅप बार कुणी अडवून बसलं असेल तर दोन जड डंबेल अंगाच्या बाजूला घेतले तरी बादल्यांचा तोच हिशेब लागू होतो. डंबेल मात्र जमिनीवर खूप खाली असतात, तेव्हा ते बाकावर किंवा स्टेपवर ठेवून उचला.

आता प्रेस. भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा वीतभर पुढे, कंबर भिंतीला चिकटवा. हात सरळ ठेवून, अंगठे मागे करून वर न्या. कंबर न सोडता अंगठे भिंतीला लागले तर खांदे मोकळे आहेत. तुमचे बहुधा डोक्याच्या बऱ्याच पुढे अडकतील. दिवसभर खांदे पुढे घेऊन काँप्युटरवर काम करणाऱ्यांचे अडकतातच. मग बार डोक्यावर जातो कसा? उरलेलं अंतर कंबर मागे वाकून भरून काढते. बरगड्या वर उचलल्या जातात, पोट पुढे येतं, आणि नेमकं हात वर ताणलेले असताना सगळं वजन कंबरेच्या त्या मागे वाकलेल्या सांध्यांवर बसतं. इथे पट्टा बांधून उपयोग नाही, कारण अडचण खांद्यात आहे.

लँडमाइनमध्ये बारचं एक टोक जमिनीवर खुंट्यात अडकलेलं असतं, दुसरं तुमच्या हातात. त्यामुळे तुम्ही सरळ वर ढकलत नाही, तिरकं वर आणि पुढे ढकलता. हात कानापाशी न्यायची गरजच पडत नाही, म्हणून कंबरेला उसनं अंतर द्यावं लागत नाही. शिवाय बार जसजसा उभा होतो तसतसं वजन हलकं होत जातं. २० किलोचा सव्वादोन मीटरच्या आसपासचा बार आणि १० ची एक प्लेट घेतली, तर एक गुडघा टेकून बसल्यावर खांद्यापाशी हाताला साधारण १६ किलो लागतात आणि हात सरळ झाल्यावर १३ च्या आसपास. उभ्याने करायच्या साध्या बारच्या प्रेसमध्ये शेवटपर्यंत पूर्ण वजन डोक्यावर असतं. इथे कंबर वाकायला जिथे मोह होतो तिथेच ओझं उतरत जातं.

बैठक महत्त्वाची. उजव्या हाताने ढकलायचं तर उजवा गुडघा जमिनीवर, खाली मॅट, डावं पाऊल पुढे. टेकलेल्या बाजूचा नितंब घट्ट आवळा. तो आवळला की ओटीपोट पुढे झुकत नाही, आणि ते झुकलं नाही तर कंबर कमान करू शकत नाही. बसल्या जागी कंबरेला कुलूप लागतं. बारचं टोक खांद्याच्या थोडं पुढे, कोपर बारच्या खाली. ढकलताना श्वास सोडा आणि शेवटी खवाटा पुढे सरकू द्या. तो जबरदस्तीने मागे दाबून धरायची जिममधली शिकवण इथे लावू नका. खुंट्याच्या फार जवळ बसलात तर बार तुम्हाला मागे ढकलेल आणि पुन्हा कमान होईल, फार लांब बसलात तर पुढे कोसळल्यासारखं वाटेल. सुरुवातीला शरीर किंचित पुढे, बारवर रेलल्यासारखं वाटलं की जागा बरोबर.

पहिला महिना नुसत्या बारवर, प्लेट न लावता, दोन्ही हातांनी आलटून पालटून आठ-आठचे तीन सेट. मग दर आठवड्याला अडीच किलोपेक्षा जास्त नाही. पुढच्या पावलाची टाच उचलली गेली किंवा खालची बरगडी टी-शर्टमधून वर आलेली दिसली की वजन जास्त झालं. वरच्या मकरपुऱ्याच्या गृहस्थांनी आठव्या आठवड्याला साडेसात किलोची प्लेट गाठली आणि तिथेच महिनाभर खूश राहिले. लँडमाइन धरून धड डावी-उजवीकडे फिरवायचा जो व्यायाम रील्समध्ये दिसतो, तो तुम्ही तूर्तास करू नका. उसण भरलेल्या कंबरेला ओझ्यासकट पीळ देणं ही सगळ्यात शेवटची गोष्ट. जिममध्ये खुंटा तुटला असेल तर बारचं टोक टॉवेलमध्ये गुंडाळून भिंतीच्या कोपऱ्यात अडकवा. फक्त मालकांना विचारून, रंग उडतो.

आता तुमची सहाची वेळ. रात्री आडवं झाल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण किंचित उंच असतो आणि कंबर ताठ असते. त्या वेळी वाकलं की गादीवर नेहमीपेक्षा जास्त ताण येतो. उठल्यावर पहिल्या तासाभरात हा फुगवटा बराच उतरतो. तुम्ही उठल्यापासून अर्ध्या तासात बारपाशी असता. एकतर सात वाजता जा, नाहीतर पहिली २०-२५ मिनिटं चाला आणि लँडमाइन आधी करा, ट्रॅप बार शेवटी. जाता-येता कमाटीबागेला एक फेरी मारली तरी चालेल. माझ्या दोन पेशंटांची कंबर नुसतं वेळापत्रक उलटं करून निवळली. सगळ्यांची निवळेल असं म्हणत नाही.

सरळ बारवर परत यायचं का, हे तुम्हाला त्यातून काय हवं त्यावर आहे. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर यावंच लागेल, तिथे सरळ बारच चालतो. त्यासाठी दहाएक आठवडे एकाही सकाळी मोजा अडला नसेल, काठीची हद्द नडगीच्या मध्यापर्यंत उतरली असेल, तेव्हा प्लेटांखाली ठोकळे ठेवून अर्ध्या वजनाने सुरुवात. स्पर्धा नसेल तर, खरं सांगू, मला कारण दिसत नाही. आमच्या जिममधले जुने आखाड्याचे एक काका ट्रॅप बार पाहिला की "हा पाळणा कुणाचा?" म्हणतात. म्हणू द्या. त्यांची स्वतःची कंबर गेली पंधरा वर्षं माझ्याकडेच येते.

उद्या जाताना टेप आणि झाडूची काठी घेऊन जा. प्लेटचा व्यास, उंच मुठीची जमिनीपासून उंची, तुमची काठीची हद्द आणि बारचं खरं वजन, हे चार आकडे इथे लिहा. मॅटा किती घालायच्या ते त्यावरून सांगतो.